मागच्या खोलीचं छत आणि मालकांना पत्र : मे ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

२८ मे, बुधवार

सकाळी दुकान उघडलं तर मागच्या खोलीत कागदाच्या सात रिमा भिजून फुगलेल्या. यंदा मेमध्येच पावसाने गाठलं आणि सोमवारच्या रात्रीत छताच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यातून धार लागली असणार. काल सुट्टी होती, त्यामुळे रिमा दोन रात्री पाण्यात बसल्या. खालच्या तीन तर रद्दीतच जातील. बाइंडिंगच्या धंद्यात पाण्यापेक्षा दमटपणा जास्त नडतो. पुठ्ठा ओल धरतो, खळ नीट वाळत नाही आणि बांधलेलं पुस्तक आठवडाभरात वाकडं होतं. तेव्हा हे नुकसान सात रिमांवर थांबणारं नाही.

बाबा म्हणाले, "मालकांना फोन लाव." गेल्या पावसाळ्यात दोनदा लावला, दिवाळीत प्रत्यक्ष भेटून सांगितलं. दरवेळी काका गोड बोलतात, "बघतो गं, माणूस पाठवतो" म्हणतात, आणि माणूस येत नाही. ते खोटं बोलतात असं मला वाटत नाही. बोललेली गोष्ट त्यांच्या डोक्यातून निघून जाते आणि आमच्याकडे ती बोललो होतो याचा काही पुरावा उरत नाही. यंदा लेखी पत्र द्यायचं ठरवलं आहे. त्यासाठी ही वही.

आज एवढंच केलं : छतावरच्या ओलीची कड पेन्सिलीने आखली आणि रेघेशेजारी तारीख टाकली. डाग चार फूट लांब, अडीच फूट रुंद. पडलेल्या गिलाव्याच्या खपल्या डब्यात भरून ठेवल्या. फोटो काढताना डागाशेजारी बाबांची लोखंडी फूटपट्टी धरली, म्हणजे आकार कळतो.

२ जून, सोमवार

पाऊस चार दिवस गायब आहे, आणि त्याचा उपयोग झाला. आमच्या खोलीला लागून वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं न्हाणीघर येतं. माझा पहिला संशय त्यावरच होता. पाणी तिथून येत असेल तर भांडण मालकांशी नाही, वरच्या वहिनींशी. पत्र चुकीच्या माणसावर गेलं असतं.

पण न्हाणीघर रोज वापरात आहे आणि डाग मात्र रोज थोडा सुकतोय. कडेची ओल पेन्सिलीच्या रेघेपासून चार बोटं आत सरकली. नळाची किंवा ड्रेनेजची गळती असती तर ऊन असो वा पाऊस, डाग तसाच राहिला असता. म्हणजे पाणी पावसाचंच.

दुपारी वहिनींना विचारून त्यांच्या दारातून गच्चीवर गेले. आमची मागची खोली एकमजली आहे आणि तिच्या स्लॅबचीच वरच्यांना गच्ची झाली आहे. पाणी जायचं भोक दक्षिणेच्या कोपऱ्यात. त्यावर तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्या, भोक मातीने बुजलेलं. गच्चीच्या कठड्याला सरकून हात लावला तर स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यातला सिमेंटचा गोलसर भराव, ज्याला वाटा म्हणतात, तो सगळीकडे फुटून सुटलेला. दोन्ही गोष्टी एकाच कोपऱ्यात. पाणी तुंबतं आणि फुटलेल्या सांध्यातून खाली उतरतं.

वहिनींनी त्याच वेळी कुंड्या हलवल्या. त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

५ जून, गुरुवार

गवंडी मिस्त्री येऊन गेले. छतावर हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले. घट्ट गिलाव्याचा आवाज बसका येतो आणि सुटलेल्याचा पोकळ, डब्यासारखा. डागाच्या बाहेरही दोन ठिकाणी पोकळ लागलं. एका जागी गिलावा पडून सळई उघडी आहे. तिला गंज चढला आहे, पण ती बारीक झालेली नाही. मिस्त्री म्हणाले, "आत्ता धरलंत तर घासून, रंग लावून भागेल. आणखी दोन पावसाळे काढलेत तर सळई फुगून काँक्रीटच ढकलेल." मालकांना पटवायला हे वाक्य माझ्या सगळ्या शब्दांपेक्षा जास्त कामाचं आहे. कारण यात त्यांच्या मालमत्तेची काळजी आहे.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला माहीत नव्हती. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करून उपयोग नाही, ते धरत नाही. आत्ता फक्त भोक मोकळं करून मोठा पाइप बसवायचा, सांधे भरायचे आणि वर ताडपत्री. खरं काम, म्हणजे जुना कोबा काढणं, नवा उतार, नवा वाटा आणि खालून गिलावा, हे पाऊस संपून स्लॅब सुकल्यावर. आत्ताचं काम ६,५०० रुपये, नंतरचं ३२,०००. दुसऱ्या एका मिस्त्रींकडून दर घेतला तो एकूण ५२,००० आला.

पत्रात "ताबडतोब पूर्ण दुरुस्ती करावी" असं लिहिणार होते. ते चुकलं असतं. जूनमध्ये होऊच न शकणाऱ्या कामाची मागणी केली की समोरच्याला सगळंच टाळायला सबब मिळते.

८ जून, रविवार

करार काढून वाचला. २००६ चा, नोंदणी केलेला. दुरुस्तीबद्दल एकच ओळ : "आतील रंगरंगोटी व किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी." स्लॅब, गच्ची, भिंती यांचा उल्लेख नाही.

बाबांचे एक वकील मित्र आहेत. त्यांच्याकडे करार घेऊन गेलो. त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम १४ समजावलं. भाडेकरूने करारात वेगळं काही मान्य केलं नसेल, तर जागा चांगल्या आणि राहण्या-वापरण्याजोग्या स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. आमच्या करारातली "किरकोळ आतील" ही ओळ स्लॅबला लागू होत नाही. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

मी लगेच आकडे मांडले. भाडं महिना ८,०००, वर्षाचं ९६,०००, चौथा हिस्सा २४,०००. दोन्ही कामं मिळून ३८,५००. म्हणजे कायद्याचा हा हक्क सगळ्या कामाला पुरत नाही, पण पहिल्या टप्प्याच्या ६,५०० ला सहज पुरतो. पत्राची सगळी रचना इथेच ठरली. छोटं तातडीचं काम मालकांनी केलं नाही तर आम्ही करू आणि वळतं करू, हे ठामपणे सांगायचं. मोठं काम मात्र त्यांच्याकडूनच तारीख घेऊन करून घ्यायचं, कारण तिथे त्यांच्या संमतीशिवाय आमचा पाय पक्का नाही.

वकीलकाकांनी एक गोष्ट दोनदा सांगितली : भाडं एक दिवसही थांबवायचं नाही. भाडं द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला कायदा सांभाळतो. थकलेल्याची बाजू तिथेच कमकुवत होते. आणि हा कायदा लीव्ह अँड लायसन्सवर बसलेल्यांना असाच्या असा लावता येत नाही. आमची भाडेकरारातली जुनी जागा आहे म्हणून हे चालतं.

१० जून, मंगळवार

पहिला मसुदा बाबांना वाचून दाखवला. तो असा होता : "वारंवार सांगूनही आपण जाणीवपूर्वक दुर्लक्ष केले आहे. तरी दुरुस्ती न झाल्यास आम्हास भाडे देणे बंद करावे लागेल व न्यायालयात जावे लागेल."

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बावीस वर्षं त्यांनी दिवाळीला फराळ पाठवलाय. 'जाणीवपूर्वक' कशाला?" मला राग आला, पण ते बरोबर होतं. जाणीवपूर्वक केलं हे मला सिद्ध करता येत नाही. केव्हा सांगितलं आणि काय झालं नाही हे मात्र करता येतं. तो शब्द काढून तिथे तीन तारखा घातल्या. आणि ठामपणा उलट वाढला. भाडं बंद करण्याची ओळ तर वकीलकाकांनी आधीच मारली होती. न्यायालयही काढलं. ते पुढे हवं तर वेगळ्या नोटिशीत येईल.

सात रिमांच्या नुकसानीवर मात्र आमचं जमेना. बाबांना ती मागणी नकोच, मला ती सोडायची नाही. शेवटी असं ठरलं की या पत्रात भरपाई मागायची नाही, नाहीतर सगळं बोलणं रिमांच्या किमतीवर अडकेल आणि छत तसंच राहील. पण हक्क सोडला असाही अर्थ निघू नये, एवढी एक ओळ ठेवायची.

संबोधनावरूनही अडलं. घरच्या पत्रात त्यांना ती. काका असंच लिहिते. इथे "आदरणीय काका" लिहिलं आणि खाली सही बाबांची, कारण करार बाबांच्या नावावर आहे.

१२ जून, गुरुवार

अंतिम पत्र. पत्ता आणि नावं सोडून इथे उतरवून ठेवते.

प्रति,
श्री. ————, दुकानाचे मालक
विषय : दुकानाच्या मागील खोलीच्या छताची गळती व दुरुस्ती
संदर्भ : २००६ चा नोंदणीकृत भाडेकरार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जागेत आम्ही बावीस वर्षे बाइंडिंगचा व्यवसाय करीत आहोत आणि आपले सहकार्य नेहमीच लाभले आहे. मे २०२५ अखेरचे सर्व भाडे आपणास पोहोचले असून पुढेही ते वेळेवर पोहोचेल.

मागील खोलीच्या छतातून पावसाचे पाणी गळते. याविषयी जुलै व ऑगस्ट २०२४ मध्ये दूरध्वनीवर आणि दिवाळीत प्रत्यक्ष भेटीत आपणास सांगितले होते. दि. २६ व २७ मे रोजी गळती वाढून आमचा कागद भिजला. पाहणीत असे आढळले की गच्चीवरील पाणी जाण्याची वाट तुंबलेली होती, कठड्यालगतचा वाटा फुटला आहे व छताची एक सळई उघडी पडून गंजू लागली आहे. गळती वरच्या न्हाणीघरातून नाही, कारण पाऊस थांबताच ओल सुकते. आत्ता लक्ष दिल्यास सळई वाचेल. उशीर झाल्यास स्लॅबचे नुकसान वाढेल व खर्चही वाढेल.

आपणास दोन विनंत्या आहेत.

पहिली, पाण्याचा पाइप बदलणे, सांधे भरणे व ताडपत्री घालणे हे तातडीचे काम हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत करून द्यावे. अंदाजे खर्च ६,५०० रुपये. या मुदतीत ते न झाल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार आम्ही ते करून घेऊ व पावत्यांसह तो खर्च भाड्यातून वळता करू.

दुसरी, गच्चीचा कोबा, उतार, वाटा व छताचा गिलावा हे कायमचे काम पावसाळ्यानंतर, ३० नोव्हेंबर २०२५ पूर्वी करावे. अंदाजे खर्च ३२,००० रुपये. कोणत्या आठवड्यात करणार ते ३१ जुलैपर्यंत कळवावे, म्हणजे आम्ही यंत्र व कागद हलवून खोली मोकळी करून देऊ. त्या दिवसांत दुकान अर्धे बंद राहील, ती गैरसोय आम्ही सोसू.

भिजलेल्या कागदाच्या भरपाईचा प्रश्न या पत्रात मांडत नाही. मात्र तो आम्ही सोडून दिला असा अर्थ कृपया घेऊ नये.

आपण सवडीने येऊन जागा पाहावी, कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर. दोन दरपत्रके, सहा छायाचित्रे व कराराच्या संबंधित पानाची प्रत जोडली आहे.

कळावे, लोभ असावा.
आपला,
————

१३ जून, शुक्रवार

काकांच्या दोन भावंडांचाही जागेत वाटा आहे, धाकटे भाऊ बंगळुरूला आणि बहीण मुंबईत. पत्र कोणाला हा प्रश्न होता. भाड्याची पावती काका देतात आणि कायद्याने भाडं घेणारा तो मालक, म्हणून पत्र त्यांना. पण उद्या "आम्हाला माहीतच नव्हतं" असं होऊ नये म्हणून दोघांना प्रती पाठवल्या.

काकांना मी हातात दिलं आणि आमच्या प्रतीवर "मिळाले" अशी सही व तारीख घेतली. ते थोडे दुखावले. "सही कशाला, मी काय नाही म्हणतोय?" मी म्हटलं, "काका, तुमच्या भावंडांनाही दाखवायला होईल." हे खरंच होतं. तिघांनाही रजिस्टर्ड एडीने पाठवलं. आजपासून पंधरा दिवस म्हणजे २८ जून.

(नंतरची भर : रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. आता पाठवणाऱ्यांनी स्पीड पोस्टने पाठवून पोहोच घ्यावी.)

१९ जून, गुरुवार

काकांचा फोन. तीन मुद्दे. एक, "करारात दुरुस्ती तुमची आहे." मी ती ओळ वाचून दाखवली, "आतील" आणि "किरकोळ" हे शब्द सावकाश. ते म्हणाले, बरं. दोन, "कुंड्या वरच्यांच्या, खर्च त्यांनी करावा." भोक कुंड्यांनी तुंबलं हे मान्य, पण वाटा कुंड्यांनी फुटत नाही, तो जुना होऊन फुटतो, असं मी मिस्त्रींच्याच शब्दांत सांगितलं. कुंड्या वहिनींनी हलवल्यासुद्धा. तीन, आणि खरा मुद्दा हाच : "एवढं करायचं तर भाडं वाढवा. महिना नऊ हजार करा." मी फोनवर हो-नाही काही बोलले नाही. येऊन बघा, मग बोलू, म्हटलं. पालख्यांची गर्दी ओसरली की येतो म्हणाले.

२४ जून, मंगळवार

काका आले. शिडीवर चढून सळई स्वतः पाहिली. खाली उतरल्यावर बराच वेळ हात पुसत राहिले. "हे मला दिसलंच नव्हतं," म्हणाले. फोटोंपेक्षा पेन्सिलीच्या रेघांनी काम केलं. छतावर आता चार तारखांच्या चार रेघा आहेत आणि गेल्या आठवड्याच्या पावसानंतरची सगळ्यात बाहेरची.

भाडेवाढीचं बोलणं बाबांनी केलं. त्याच कायद्याच्या कलम ११ नुसार मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेता येते. आमचं भाडं गेल्या वर्षी वाढलं नव्हतं. बाबा म्हणाले, "चार टक्के तुमचा हक्क आहे, ३२० रुपये, ऑक्टोबरपासून आम्ही आनंदाने देऊ. हजार मात्र छताच्या बदल्यात नको. छत करणं तुमचंच काम आहे." मला वाटलं होतं बाबा मवाळ पडतील. पडले नाहीत, आणि आवाजही चढवला नाही.

काका म्हणाले भावाला विचारतो.

३० जून, सोमवार

मुदत शनिवारी संपली. काम झालं नाही, पण काकांचा लेखी निरोप आला : "तातडीचे काम आपण करून घ्या, पावत्या द्या, जुलैच्या भाड्यातून वळते करा." आता कलमाचा आधार घ्यायची वेळच राहिली नाही. त्यांची संमती लेखी आहे आणि ती जास्त भक्कम.

७ जुलै, सोमवार

एकादशी झाल्यावर आज मिस्त्री आले. चार इंची पाइप, सांध्यात भरणी, ताडपत्रीवर विटा. खर्च ६,८४० झाला, कारण जुना पाइप भिंतीत अडकला होता. वरचे ३४० आम्ही मागितले नाहीत, पावती मात्र पूर्ण दिली. जुलैचं भाडं १,५०० चा चेक आणि ६,५०० च्या पावत्या, सोबत हिशेबाची चिठ्ठी. भाड्याची पावती काकांनी पूर्ण ८,००० ची दिली. ती तशीच मागून घेतली. १,५०० ची घेतली असती तर उद्या कोणीतरी आम्हाला थकबाकीदार म्हटलं असतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

३१ जुलैची तारीख कळवण्याची मुदत गेली. बंगळुरूच्या भावाचं काही उत्तर नाही. दोन ओळींचं स्मरणपत्र, पहिल्या पत्राची तारीख देऊन. बाबांनी खाली हाताने लिहिलं : "ताडपत्रीने यंदा भागले. पुढच्या पावसाला भागणार नाही."

१७ सप्टेंबर, बुधवार

काकांच्या बहिणीचा मुंबईहून फोन. प्रत त्यांनी ठेवली होती आणि गणपतीत भावांना एकत्र बसवलं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ठरला. खर्च तिघांत. भाडं ऑक्टोबरपासून ८,३२०. दोन्ही गोष्टी आम्ही त्याच दिवशी पत्राने कळवून पोहोच घेतली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कोबा निघाला. खाली स्लॅबला एक भेग होती, ती वरून कधीच दिसली नसती. मिस्त्रींनी ती भरली आणि मगच उतार केला. उद्या गच्चीवर बांध घालून पाणी साठवायचं आणि दोन दिवस ठेवायचं. खालून कोरडं राहिलं तरच गिलावा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पाणी ठेवून अठ्ठेचाळीस तास झाले. मी मे महिन्यातली पेन्सिलीची रेघ शोधून त्यावर कोरडा टिपकागद चिकटवला होता. सकाळी काढला, कोरडाच निघाला. काका खाली उभे होते, त्यांच्या हातात दिला. उद्यापासून गिलावा, म्हणजे रेघा पुसल्या जातील. त्यांचे फोटो फाइलला लावले आहेत.